तुर्भ्याच्या शीतगृहातली बारा दारं आणि १२८० मिलिसेकंद

तुर्भ्याला ठाणे-बेलापूर रस्त्याच्या आतल्या बाजूला एक शीतगृह आहे. वाशीच्या फळबाजारातून येणारी सफरचंदं, किवी, संत्री तिथे मुक्कामाला असतात आणि मार्चपासून हापूसची घाई सुरू होते. आत बारा खोल्या आणि त्यांची बारा सरकती दारं. खोल्यांसमोर लांबलचक अँटी-रूम, तिचं तापमान साधारण दहा-बारा अंश. माल आत-बाहेर करताना दार उघडं राहिलं की कॉम्प्रेसर धापा टाकतो आणि वीजबिल फुगतं. म्हणून प्रत्येक दाराच्या चौकटीवर एक छोटा ब्लूटूथ बीकन बसवलेला होता. त्यात दाराच्या चुंबकाने चालणारा रीड स्विच होता आणि खोलीत सोडलेल्या बारीक वायरच्या टोकाला तापमानाचा सेन्सर. अँटी-रूमच्या छताला टांगलेला गेटवे हे बीकन ऐकून ऑफिसातल्या फलकावर दिवे लावत असे.

मला बोलावलं तेव्हा यंत्रणा बसून पाच महिने झाले होते आणि तिच्यावरचा सगळ्यांचा विश्वास उडाला होता. व्यवस्थापकांना तिथे सगळे अण्णा म्हणतात. त्यांनी पहिल्याच भेटीत दोन वाक्यांत प्रकरण सांगितलं, "आधी दिवा लगेच लागायचा, पण दीड महिन्यात सेल संपले. मग त्या लोकांनी काहीतरी सेटिंग बदललं, आता सेल टिकतायत पण दिवा लागेपर्यंत फोर्कलिफ्टवाला चहा पिऊन येतो."

त्यांची मागणी साधी होती. दार उघडल्यापासून पाच सेकंदांच्या आत दिवा लागला पाहिजे आणि सेल दोन वर्षं टिकला पाहिजे. सेल बदलायचा म्हणजे शिडी लावा, फोर्कलिफ्टची वाट बंद करा, सिलिकॉनने बंद केलेली डबी फोडा आणि पुन्हा बंद करा. हे बारा वेळा.

बदललेलं सेटिंग कोणतं होतं हे बीकनच्या फर्मवेअरमध्ये लगेच दिसलं. ॲडव्हर्टायझिंग इंटरव्हल, म्हणजे बीकन किती वेळाने आपलं पॅकेट हवेत सोडतो तो काळ, आधी १०० मिलिसेकंद होता आणि नंतर १२८० केला होता. १२८० हा आकडा कुणी विचार करून निवडलेला नव्हता. ब्लूटूथच्या मानकात हा इंटरव्हल ठरवणाऱ्या कमांडचं मूळ मूल्यच १.२८ सेकंद आहे. १०० परवडत नाही म्हटल्यावर कुणीतरी तो आकडा काढून टाकला आणि मूळ मूल्य आपोआप लागू झालं, असा माझा अंदाज.

आधी सेलचा हिशेब करू, कारण तो सरळ आहे. बीकन बहुतेक वेळ झोपलेला असतो. जाग आली की तो ३७, ३८ आणि ३९ या तीन चॅनलवर एकामागून एक तेच पॅकेट पाठवतो आणि पुन्हा झोपतो. या जागेपणाला एक इव्हेंट म्हणू. मी एक बीकन वागळे इस्टेटमधल्या आमच्या टेबलावर आणून पॉवर प्रोफायलर किटला जोडला. एका इव्हेंटला १५ मायक्रोकूलंब विद्युतभार लागत होता आणि झोपेतला प्रवाह ३ मायक्रोअँप होता. चिप एनआरएफ५२८३२, ताकद ० डीबीएम. ३१ बाइटचा पूर्ण माल भरलेलं पॅकेट हवेत ३७६ मायक्रोसेकंद राहतं, ते तीनदा जातं आणि त्या वेळी चिप सुमारे ५.३ मिलिअँप ओढते. म्हणजे प्रत्यक्ष प्रक्षेपणाला सहाच मायक्रोकूलंब लागतात. उरलेला खर्च क्रिस्टल स्थिर होण्याची वाट पाहण्यात आणि प्रोसेसरच्या उठाबशीत जातो.

सरासरी प्रवाह मग असा:

```
I = I_sleep + Q / T
```

`Q` इव्हेंटचा भार, `T` इंटरव्हल, पण त्यात बीकन स्वतः घालतो ती सरासरी ५ मिलिसेकंदांची भर धरून, तिच्याकडे पुढे येऊ. मायक्रोकूलंबला सेकंदांनी भागलं की थेट मायक्रोअँप मिळतात, त्यामुळे हे गणित चहाच्या टेबलावरही होतं. सीआर२०३२ सेलवर २२० मिलिअँप-तास लिहिलेले असतात, पण थंड जागा आणि रेडिओचे धक्के धरून मी त्यातले ७० टक्केच, म्हणजे १५४ मोजतो. हा माझा सावधपणा आहे, नियम नव्हे.

१०० मिलिसेकंदांना सरासरी प्रवाह १४६ मायक्रोअँपच्या आसपास येतो आणि १५४ मिलिअँप-तास ४४ दिवसांत संपतात. अण्णांचा "दीड महिना" अगदी बरोबर होता. १२८० ला प्रवाह १४.७ मायक्रोअँप, म्हणजे सेल चौदा महिने. अण्णांच्या दोन वर्षांना तेही पुरत नाही. दोन वर्षांसाठी सरासरी ८.८ मायक्रोअँपच्या आत राहायला हवं.

इंटरव्हल आणखी वाढवला तर? दोन सेकंदांना वीस महिने, पाचला जवळपास तीन वर्षं, दहाला चार वर्षांना थोडं कमी. पाचवरून दहावर जाताना वाट दुप्पट होते, पण आयुष्य दुप्पट होत नाही. कारण झोपेतले ३ मायक्रोअँप कमी होत नाहीत आणि बीकनने तोंडच उघडलं नाही तरी त्यांच्यापायी सेल सहा वर्षांत संपणारच. पाठवण्याचा खर्च आणि झोपेचा खर्च जिथे सारखा होतो तो इंटरव्हल `Q / I_sleep`, इथे १५ भागिले ३, म्हणजे पाच सेकंद. त्याच्या पलीकडे जाणं म्हणजे भरपूर उशीर देऊन थोडासा सेल विकत घेणं.

म्हणूनच इंटरव्हलला हात लावायच्या आधी झोपेचा प्रवाह मोजावा. दुसऱ्या एका कामात मी स्वतः इथे फसलो होतो. दार बंद असताना रीड स्विचही बंद, म्हणजे जोडलेला असतो. मी चिपमधलाच पुल-अप वापरला होता. तो साधारण १३ किलोओहमचा असतो, म्हणजे दार बंद असलेला सगळा वेळ २३० मायक्रोअँप जमिनीत जात होते. इंटरव्हल कितीही वाढवला तरी सेल टिकेना आणि मी आठवडाभर रेडिओला दोष देत बसलो. इथल्या बीकनमध्ये बाहेरून ४.७ मेगाओहमचा रेझिस्टर लावलेला होता. ते काम त्या लोकांनी नीट केलं होतं.

आता उशिराकडे. १२८० मिलिसेकंदांना एक बीकन मिनिटात पंचेचाळीसहून जास्त वेळा बोलतो. मग दिवा लागायला मिनिट का लागावं? मी चार नंबरच्या दारापाशी उभा राहिलो, तिथला एक माथाडी दादा दार उघडायचा, आणि ऑफिसातला मुलगा फोनवर "लागला" म्हणायचा. चाळीस वेळा उघडलं. पाच सेकंदांत दिवा लागला तो फक्त सहा वेळा. सगळ्यात जास्त वेळ ७१ सेकंद. दादा शेवटी म्हणाला, "साहेब, यापेक्षा मी हाक मारतो."

पॅकेटं हवेत हरवत असतील अशी पहिली शंका येते. चहूकडे पत्र्याची पीयूएफ पॅनेलं, वर वायफाय. पण गेटवेचा लॉग उघडला आणि चित्र वेगळंच दिसलं. सुदैवाने प्रत्येक पॅकेटमध्ये एक बाइटचा क्रमांक होता, दर इव्हेंटला एकाने वाढणारा. हा बाइट नसता तर मी अजून अँटेना हलवत बसलो असतो.

```
11:20:03  D04  seq=112
11:20:04  D04  seq=113
11:20:05  D04  seq=114
11:20:06  D04  seq=115
11:20:08  D04  seq=116
11:21:22  D04  seq=174
11:21:23  D04  seq=175
```

सलग पाच पॅकेटं एकही न चुकता, मग सव्वा मिनिट शांतता, मग पुन्हा सलग. अडथळ्याने किंवा गोंगाटाने पॅकेटं जातात तेव्हा ती विखुरलेली जातात, एक इथे, दोन तिथे. अशी झुंडीने येणं आणि झुंडीने गायब होणं हे ठोक्याला ठोका जुळल्याचं लक्षण आहे.

दुसरा ठोका गेटवेचा होता. गेटवे ईएसपी३२ वर चालत होता आणि त्याचं स्कॅनिंग असं होतं:

```yaml
esp32_ble_tracker:
  scan_parameters:
    interval: 320ms
    window: 30ms
```

हीसुद्धा मूळचीच मूल्यं. अर्थ असा की गेटवे दर ३२० मिलिसेकंदांतले ३० मिलिसेकंदच ब्लूटूथ ऐकतो. उरलेला वेळ तोच रेडिओ वायफायसाठी मोकळा राहतो. एका खिडकीत तो एकाच चॅनलवर ऐकतो, पण बीकन तिन्हींवर बोलत असल्याने त्याची अडचण नाही. अडचण वेळेची आहे. ऐकण्याचं प्रमाण सुमारे ९.४ टक्के. बीकनचं पॅकेट त्या ३० मिलिसेकंदांच्या फटीत पडलं तरच ऐकू येणार.

आता ३२० ला चारने गुणा. १२८० येतात.

म्हणजे बीकन बोलला तेव्हा गेटवेची खिडकी बंद असेल, तर पुढच्या वेळी तो बोलेल तेव्हाही ती तितकीच बंद असणार, आणि त्याच्या पुढच्या वेळीही. कायमचं असं होत नाही ते केवळ एका गोष्टीमुळे. मानकानुसार प्रत्येक इव्हेंटला बीकन ० ते १० मिलिसेकंदांची यादृच्छिक भर घालतो. दोन बीकन एकाच तालात आले तर कायम एकमेकांवर आपटू नयेत म्हणून ती सोय आहे. सरासरी भर ५ मिलिसेकंद. त्यामुळे बीकनचा ठोका गेटवेच्या ठोक्याच्या मागे दर खेपेला ५ मिलिसेकंद सरकतो. ३० मिलिसेकंदांची खिडकी ओलांडायला त्याला पाच-सहा खेपा लागतात, तेवढी पॅकेटं सलग ऐकू येतात. मग उरलेले २९० मिलिसेकंद सरकायला ५८ खेपा. १.२८५ गुणिले ५८, म्हणजे ७४ सेकंदांहून थोडे जास्त. लॉगमध्ये ११६ नंतर थेट १७४ दिसतो, तो हाच.

दोन्ही बाजूंची मूल्यं आपापल्या जागी रास्त आहेत आणि दोन्ही मूळचीच आहेत. एकत्र आल्यावर ती एकमेकांची तोंडं चुकवतात. बीकनवाल्याने आपलं कागदपत्र वाचलं असतं तरी त्याला हे दिसलं नसतं आणि गेटवेवाल्यालाही नसतं. मला यातली सर्वात शिकण्यासारखी गोष्ट हीच वाटते, की इंटरव्हल हा एकट्या बीकनचा गुणधर्म मानून निवडताच येत नाही.

हेच चित्र घेऊन मागे पाहिलं तर १०० मिलिसेकंदांना सगळं ठीक का वाटत होतं तेही उलगडतं. भर धरून इंटरव्हल १०५ होतो आणि तीन इव्हेंटमध्ये ३१५ मिलिसेकंद जातात, म्हणजे गेटवेच्या एका फेरीत तीन ठोके पडतात आणि ते दर फेरीला ५ मिलिसेकंदांनी सरकतात. दोन ठोक्यांमधलं अंतर १०५, खिडकी ३०, राहिले ७५. पंधरा फेऱ्या, म्हणजे पावणेपाच सेकंद. मिनिटाची शांतता इथे शक्यच नाही, पण अण्णांच्या पाच सेकंदांत ती यंत्रणा काठावर पास होत होती, तीही सेल जाळून.

पटकन सुचणारा उपाय म्हणजे इंटरव्हल ३२० च्या पटीतून बाहेर काढणं. ॲपलने आपल्या उपकरणांसाठी सुचवलेले आकडे, १५२.५, २११.२५, ३१८.७५, ७६०, १०२२.५, १२८५ वगैरे, असे अपूर्णांकी आणि वेडेवाकडे का असतात हे पुष्कळांना कोडं वाटतं. ते त्यांच्या फोनच्या ऐकण्याच्या तालाला धरून, त्याच्याशी चुकामूक होऊ नये असे निवडलेले असावेत. आपल्या गेटवेला तेच आकडे लावून भागत नाही. १२८५ इथे घेतला असता तर सरकणं ५ ऐवजी १० मिलिसेकंद झालं असतं आणि शांतता निम्मी, तरीही अर्ध्या मिनिटाहून जास्त. १००० घेतला तर सरकणं ४५ मिलिसेकंदांचं होतं, सात-आठ खेपांत एक फेरी पूर्ण होते आणि बहुतेक वेळा त्यातच पॅकेट सापडतं. चांगली सुधारणा, पण सात सेकंद म्हणजे पाच सेकंद नव्हेत, आणि सेल वर्षभरच.

म्हणून आधी गेटवेला हात घातला. गेटवे विजेवर चालतो, त्याने काटकसर करायचं कारणच नव्हतं. करत होता ती वायफायपायी. इलेक्ट्रिशियन दादांनी ऑफिसपासून अँटी-रूमपर्यंत एक लॅन केबल ओढली, गेटवे इथरनेटवाल्या बोर्डावर हलवला आणि खिडकी फेरीइतकीच केली.

```yaml
esp32_ble_tracker:
  scan_parameters:
    interval: 1100ms
    window: 1100ms
    active: false
```

त्याच दुपारी क्रमांकांवरून मोजलं तर दाराप्रमाणे शंभरातली ८५ ते ९२ पॅकेटं येत होती. चुकलेली आता विखुरलेली होती, झुंडीने नव्हे, म्हणजे ती खरोखर हवेत हरवलेली. एवढ्यावर दोन सेकंदांचा इंटरव्हल ठेवला असता तर दिवा वेळेत लागला असता आणि सेल वीस महिने गेला असता. अण्णा कदाचित हो म्हणालेही असते.

पण बीकन दोन वेगवेगळी कामं एकाच तालात करतोय, हे मला खटकत होतं. खोलीचं तापमान मिनिटामिनिटाला बदलत नाही, त्यासाठी पाच सेकंदांनी एक पॅकेट भरपूर झालं. दार मात्र उघडतं तेव्हा लगेच सांगायला हवं, आणि उरलेला दिवस सांगण्यासारखं काहीच नसतं. मग दोन ताल ठेवले. एरवी पाच सेकंदांनी एक पॅकेट. रीड स्विचची स्थिती बदलली की १०० मिलिसेकंदांच्या अंतराने वीस पॅकेटं, दोन सेकंदांत, आणि पुन्हा शांत.

खर्च पाहू. एका झुंडीला वीस गुणिले पंधरा, म्हणजे ३०० मायक्रोकूलंब. एरवी एक दार दिवसाला दीडशे वेळा उघडतं. उघडणं आणि बंद होणं धरून तीनशे झुंडी, म्हणजे दिवसाला ०.०९ कूलंब, सरासरी साधारण १ मायक्रोअँप. झोपेचे ३, संथ तालाचे ३, असे मिळून सात. दोन वर्षांसाठी ८.८ ची मर्यादा होती, सातला सेल अडीच वर्षं जातो. हापूसच्या दिवसांत अण्णांच्या मते एखादं दार चारशे वेळाही उघडतं, तेव्हा झुंडींचा खर्च २.८ आणि बेरीज नेमकी ८.८. हंगाम दोन-तीन महिन्यांचाच असतो, त्यामुळे चालतं.

केबल ओढणं जिथे शक्य नसेल तिथे काय, हा प्रश्न लगेच पुढे आला, कारण त्याच मालकांची दुसरी जागा भाड्याची आहे. तिथे ३०/३२० चा वायफाय गेटवे राहणार. दोन सेकंदांची झुंड तिथे निम्म्याच्या थोडं वरच पोचते, कारण तीन ठोक्यांनी सरकत सगळी फेरी झाकायला पावणेपाच सेकंद लागतात, हे वर आलंच आहे. म्हणून झुंड पाच सेकंदांची करावी लागते, पन्नास पॅकेटं. एरवीच्या वर्दळीत हे २.६ मायक्रोअँप होतात आणि बेरीज ८.६ वर कशीबशी बसते, पण हंगामात बसत नाही. तिथे मी सीआर२४७७ सेल सुचवला. डबी जाड झाली, पण त्यात नाममात्र १००० मिलिअँप-तास मावतात.

फलकावर "बीकन गप्प आहे" ही सूचना कधी द्यायची तेही ठरवावं लागलं. आधी ती दहा सेकंदांवर होती आणि दिवसभर खोट्या सूचना येत. पाच सेकंदांच्या तालात दोन पॅकेटं लागोपाठ हरवणं मुळीच दुर्मीळ नाही. शंभरात पंधरा हरवत असतील तर दोन सलग हरवण्याची शक्यता सव्वादोन टक्के, आणि बारा दारांचे दिवसाला दोन लाखांहून जास्त इव्हेंट होतात. मर्यादा मिनिटावर नेली, म्हणजे बारा सलग हरवावी लागतात, आणि त्या सूचना थांबल्या.

नव्या फर्मवेअरवर पुन्हा चार नंबरच्या दारापाशी चाळीस वेळा उघडझाप केली. फोनवरचं "लागला" दादाचा हात दारावरून निघायच्या आत येत होतं. त्याने न सांगता एकदा दार न उघडताच "उघडलं" म्हणून पाहिलं.

मग नऊ नंबरच्या दाराने घोळ घातला. सहा महिनेही झाले नव्हते आणि त्याच्या सेलचा व्होल्टेज बाकीच्यांपेक्षा स्पष्टपणे खाली होता. झुंडींची मोजणी आम्ही पॅकेटमध्ये ठेवली होती, तिथे आकडा दिवसाला आठ हजारांच्या वर. दाराची रबरी गॅसकेट झिजली होती, दार पूर्ण बसत नव्हतं, आणि आतल्या पंख्याच्या झोताने ते चुंबकाच्या काठावर डुलत होतं. दर दहा सेकंदांना एक झुंड म्हणजे ३० मायक्रोअँप, आणि इतक्या खर्चात सेल सहा महिन्यांच्या आसपासच जातो. फर्मवेअरमध्ये मर्यादा घातली की एका मिनिटात चारपेक्षा जास्त झुंडी नाहीत, पुढचे बदल संथ तालातच जातील. तशा दारावरचा दिवा पाच सेकंदांपेक्षा थोडा उशिरा लागू शकतो, हे अण्णांना आधी सांगितलं. ते म्हणाले, "तो दिवा राहू दे, आधी गॅसकेटवाल्याला बोलवा."

आता अण्णा फलकावर दिव्यांआधी झुंडींचा तक्ता बघतात. कोणत्या दाराचा आकडा विनाकारण चढला, त्या दाराची गॅसकेट तपासायची, असा त्यांनी स्वतःच उपयोग शोधून काढला आहे.